नक्कल झाल्याची शंका आल्यावर विद्यार्थ्याला पाठवायची पहिली मेल

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या पदवी महाविद्यालयांत नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसमोर पहिल्या दोन सत्रांतच हा प्रसंग येतो. इंटर्नलचे प्रोजेक्ट तपासताना दोन विद्यार्थ्यांच्या अहवालांतली पाने सारखी निघतात, आणि पुढे काय करायचे हे कोणी शिकवलेले नसते. मी इथे फक्त एका टप्प्याबद्दल लिहितो आहे. शंका आली आहे, औपचारिक कारवाई अजून सुरू झालेली नाही, आणि विद्यार्थ्याला खाजगीत बोलण्यासाठी बोलवायचे आहे, अशा वेळी पाठवायच्या पहिल्या मेलबद्दल. परीक्षेच्या खोलीत पकडलेली कॉपी हा विषय वेगळा आहे. तिथे पर्यवेक्षकाचा अहवाल विद्यापीठाच्या नियमांनुसार थेट पुढे जातो आणि अशा मेलला जागाच उरत नाही.

ही मेल का जपून लिहावी लागते, हे मी चूक करून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका विद्यार्थिनीला रात्री साडेदहा वाजता दोन ओळी लिहिल्या होत्या: "तुझा अहवाल कॉपी केलेला दिसतो. उद्यापर्यंत लेखी खुलासा कर." त्यानंतर ती आठ दिवस वर्गात आली नाही. नवव्या दिवशी तिची माफीची मेल आली, पण त्या माफीत तिने नेमके काय केले होते ते एका शब्दानेही कळत नव्हते. पुढे समजले की त्यातली निम्मी गोष्ट तिची चूकच नव्हती. घाबरलेल्या मुलीने सगळ्यालाच होकार देऊन टाकला होता, आणि तो लेखी होकार मीच तिच्याकडून काढून घेतला होता.

आधी काय तपासावे

मेल लिहायला बसण्याआधी तासभर कागदांवर घालवावा. नुसते वर्णन करून हे स्पष्ट होणार नाही, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने वडगावच्या यंत्रमाग विणकरांवर क्षेत्रभेटीचा अहवाल दिला. त्याच वर्गातल्या आणखी एका विद्यार्थिनीचा विषयही तोच होता. दोघींच्या अहवालांत 40 कुटुंबप्रमुखांच्या वयोगटांचा तक्ता आहे: तिशीपर्यंतचे 6, चाळिशीपर्यंतचे 11, पन्नाशीपर्यंतचे 13 आणि त्यापुढचे 12. ही बेरीज 42 होते. दोन्ही अहवालांत ती 40 छापलेली आहे. शिवाय कच्च्या मालाच्या पुरवठ्यावरचा दीड पानाचा मजकूर दोन्हीकडे जवळजवळ शब्दशः सारखा आहे, आणि त्यात 'खासबाग' हे गावठाणाचे नाव तीन ठिकाणी 'खासबग' असे एकाच चुकीने लिहिले आहे.

बरोबर उत्तरे जुळली तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही, पण चुका जुळल्या तर मजकुराचा उगम एक आहे असे मानायला आधार मिळतो. मात्र उगम एक असणे म्हणजे नक्कल असे लगेच ठरत नाही. इथे पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: सर्वेक्षण जोडीने करायला मी परवानगी दिली होती का? वर्गात तोंडी "दोघे दोघे मिळून जा" असे म्हटले होते का? नमुना म्हणून मागच्या वर्षीचा अहवाल गटावर टाकला होता का? माझ्याच सूचनेत संदिग्धता असेल तर मेलचा सूर त्याप्रमाणे बदलायला हवा. दुसरा प्रश्न असा की मूळ लेखन कोणाचे आहे, हे मला माहीत आहे का? बहुतेक वेळा ते माहीत नसते. जिचा अहवाल उशिरा आला तिनेच घेतले, असे गृहीत धरू नये.

संगणकावर मिळणाऱ्या खुणांवर नवे शिक्षक गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवतात. वर्डच्या फाइलमध्ये `Author` या जागी जे नाव दिसते, ते त्या संगणकावर वर्ड ज्याच्या नावाने बसवले आहे त्याचे असते. खेड्यातली मुले सायबरमध्ये किंवा मावसभावाच्या लॅपटॉपवर टायपिंग करून घेतात, त्यामुळे तिथे भलतेच नाव दिसले तरी त्यावरून लेखक ठरत नाही. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीचेही तेच. मुखपृष्ठ, प्रमाणपत्राचे पान आणि आपणच दिलेली प्रश्नावली हा मजकूर सगळ्यांकडे सारखा असल्यामुळे आकडा फुगतो. उलट श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर यंत्राला अक्षरे म्हणून वाचताच येत नाही आणि खरे साम्य निसटून जाते. म्हणून दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पान क्रमांकासह स्वतः टिपण करावे. मेलमध्ये जाणार आहे ते हे टिपण, टक्केवारी नाही.

नियमांबद्दल एक गोष्ट ठाऊक असावी, कारण बरेच जण मेलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांचा धाक घालतात. त्या नियमांत 10, 40 आणि 60 टक्के अशा पायऱ्या आहेत, पण त्या पदव्युत्तर व संशोधन पातळीवरच्या प्रबंधांसाठी आणि प्रकाशनासाठी दिलेल्या लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, प्रोजेक्ट अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. तेव्हा पदवीच्या मुलीला "40 टक्क्यांच्या वर साम्य आहे, नोंदणी रद्द होऊ शकते" असे लिहिणे सरळ चुकीचे आहे. तिच्या अहवालाला आपल्या कॉलेजचे आणि विद्यापीठाचे अंतर्गत मूल्यमापनाचे नियम लागू होतात. ते विभागप्रमुखांकडून आधी समजून घ्यावेत, आणि अशी अनौपचारिक भेट घेण्याची मुभा आपल्याला आहे का तेही तेव्हाच विचारावे. काही ठिकाणी शंका येताच कळवणे बंधनकारक असते, आणि तसे असेल तर ही मेल पाठवायची नसते. विचारताना विद्यार्थिनीचे नाव सांगण्याची गरज नाही.

कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दांत

आपल्याकडची पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून नंतर इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात येतात. कॉलेजची अधिकृत पत्रे त्यांना कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत मिळतात, त्यामुळे या दोन भाषांतले शिक्षकाचे पत्र पाहिले की ते नोटीस म्हणूनच वाचले जाते. ज्या भाषेत तुम्ही त्या मुलीशी वर्गाबाहेर बोलता, त्याच भाषेत मेल लिहावी. मराठीत बोलत असाल तर मराठीत, कन्नडमध्ये बोलत असाल तर कन्नडमध्ये. विभागप्रमुखांना मराठी वाचता येत नसेल तर तिचे इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर स्वतःच्या नोंदींत ठेवावे, पुढे लागले तर उपयोगी पडते.

संबोधनाबाबतही हेच धोरण ठेवावे. वर्गात 'तू' म्हणत असाल तर मेलमध्येही 'तू' च लिहावे. रोज 'तू' म्हणणारे सर एकाएकी 'आपण' आणि 'आपणांस कळविण्यात येते' असे लिहू लागले, की मजकूर कितीही सौम्य असला तरी पोटात गोळा येतो.

तीन शब्द मेलमध्ये येऊ देऊ नयेत: कॉपी, चोरी आणि खुलासा. 'कॉपी' या शब्दाला आपल्याकडे परीक्षेतल्या चिठ्ठ्यांचा वास आहे. 'साहित्यचोरी' किंवा 'वाङ्मयचौर्य' हे शब्द शास्त्रीय अर्थाने बरोबर असले तरी मुलीला त्यातली फक्त चोरी दिसते. आणि 'खुलासा' आरोपीकडे मागितला जातो. त्यांच्या जागी 'जुळते', 'सारखे आहे', 'हे कसे तयार झाले ते ऐकायचे आहे' अशी डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीपुरती भाषा वापरावी.

याच्या उलटची चूकही तितकीच वाईट आहे. नुसते "जरा भेटून जा" असे लिहून बोलावणे, आणि ती आल्यावर तिच्यासमोर दोन अहवाल टाकणे. असे केल्याने तिला वही, प्रश्नावल्या, कच्चे लेखन यांपैकी काहीच आणता येत नाही. ज्या गोष्टीबद्दल विचारणार आहात ती गोष्ट मेलमध्ये स्पष्ट असलीच पाहिजे.

विषयाच्या ओळीत मात्र ती असू नये. फोन पुष्कळ घरांत सामाईक असतो आणि मुलीचे मेल खाते भावाच्या फोनवर उघडलेले असते. पडद्यावर वर येणारी सूचना घरातला कोणीही वाचतो. म्हणून विषयात फक्त अहवालाचे नाव आणि भेटीची वेळ लिहावी, आणि पहिले वाक्यही साधे ठेवावे, कारण सूचनेत तेवढेच दिसते.

मेलचा मजकूर

वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीला पाठवायची मेल अशी होईल.

विषय: वडगाव क्षेत्रभेटीचा अहवाल, बुधवारी 12.30 ला भेट

प्रिय (नाव),

वडगावच्या विणकरांवरचा तुझा अहवाल मी वाचला. गुण देण्याआधी त्यातल्या दोन जागांबद्दल तुझ्याशी समोरासमोर बोलायचे आहे.

पान 7 वरच्या वयोगटांच्या तक्त्याची बेरीज 42 होते, तिथे 40 लिहिले आहे. हाच तक्ता याच बेरजेसह माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका अहवालातही आहे. तसेच पान 11 आणि 12 वरचा कच्च्या मालाच्या पुरवठ्याबद्दलचा सुमारे दीड पानाचा मजकूर त्या अहवालाशी जवळजवळ शब्दशः जुळतो. हे कसे झाले ते मला माहीत नाही. याची एकाहून अधिक कारणे असू शकतात, आणि तुझ्याकडून ऐकेपर्यंत मी काहीही ठरवलेले नाही.

बुधवारी दुपारी 12.30 वाजता ग्रंथालयातल्या चर्चेच्या खोलीत भेटू. अर्धा तास पुरेल. ती वेळ जमत नसेल तर गुरुवारी त्याच वेळी चालेल. येताना सर्वेक्षणाची वही, भरलेल्या प्रश्नावल्या, कच्चे लेखन आणि मूळ फाइल यांपैकी जे असेल ते घेऊन ये. काही शिल्लक नसले तरी ये. सोबत कोणाला आणावेसे वाटले तर आण.

या भेटीत मी गुणांबद्दल किंवा पुढच्या कारवाईबद्दल निर्णय देणार नाही. बोलणे झाल्यावरही शंका उरली तर कॉलेजच्या नियमाप्रमाणे मला ती विभागप्रमुखांना कळवावी लागेल, पण तसे करण्याआधी मी तुला सांगेन. तुझे नाव मी अजून कोणालाही सांगितलेले नाही.

लेखी उत्तर देण्याची गरज नाही. येतेस की नाही, एवढेच मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळव.

(सही)

या मजकुरातल्या चौथ्या परिच्छेदावर नवे शिक्षक सर्वांत जास्त अडखळतात. मुलगी घाबरू नये म्हणून "काही काळजी करू नकोस, काहीही होणार नाही" असे लिहून टाकण्याचा मोह होतो. ते वचन आपल्या हातात नसते. पुढे प्रकरण समितीकडे गेले तर तीच मेल छापून आपल्यासमोर येते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या मुलीला आपण फसवले असे तिला वाटते, व ते खरेही असते. जे ठामपणे सांगता येते तेवढेच सांगावे: त्या दिवशी निर्णय नाही, पुढे कळवावे लागू शकते, कळवण्याआधी तुला सांगेन. भीती कमी करायची तर वेळ, जागा आणि कालावधी नेमका लिहून ती कमी होते. अर्धा तास लागणार हे कळले की रात्रभर जागायला थोडे कमी कारण उरते.

"लेखी उत्तर देण्याची गरज नाही" हे वाक्य काही सहकाऱ्यांना खटकते. लेखी मिळाले तर पुरावा राहील, असे त्यांचे म्हणणे असते. पण वहीपासून दूर, घरी एकटी बसून घाईने लिहिलेले उत्तर हा कच्चा पुरावा असतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या त्या मेलने मला हेच दाखवले होते.

दुसऱ्या विद्यार्थिनीचे नाव मेलमध्ये कुठेही येऊ नये. तिला स्वतंत्र मेल पाठवावी, शक्य तर त्याच मिनिटाला, आणि तिची भेट पहिलीच्या लगेच नंतर ठेवावी. दोघींना एकाच मेलमध्ये घेणे म्हणजे एकीची गोष्ट दुसरीला सांगणे होय. 'सोबत कोणाला आण' याचा अर्थ ती दुसरी विद्यार्थिनी असा होऊ नये म्हणून, ती आलीच तर तिला नम्रपणे बाहेर थांबायला सांगावे.

पाठवताना

सोमवारी सकाळी पाठवावी, म्हणजे विचारायला दिवस हातात राहतो. शनिवारी दुपारी पाठवली तर रविवारभर मुलगी एकटीच त्यावर विचार करत बसते आणि तिला विचारायला कोणी नसते. पत्ता दोनदा पाहावा. आपल्या कॉलेजच्या यादीत डझनभर पाटील असतात, दोन अक्षरे टाइप केली की मेल स्वतःच एखादे नाव पुढे करते आणि पत्र भलत्याच पाटलाच्या हाती पडते. सीसीमध्ये कोणालाही ठेवू नये, विभागप्रमुखांनाही नाही आणि पालकांना तर नाहीच. बीसीसी करणेही मला योग्य वाटत नाही, कारण मग "कोणालाही सांगितलेले नाही" हे वाक्य खोटे ठरते.

आपली मुले मेल आठवड्यातून एकदा उघडतात. म्हणून पाठवल्यावर व्हॉट्सअॅपवर तिला स्वतंत्रपणे एकच ओळ टाकावी: "अहवालाबद्दल मेल पाठवली आहे, सवडीने एकटी असताना वाच." वर्गाच्या गटावर काहीही टाकू नये. भेटीची वेळ ठरवताना तिची बस लक्षात घ्यावी. चंदगड किंवा खानापूरच्या बाजूने येणाऱ्या मुलीला साडेचारला बोलावले तर तिचे अर्धे लक्ष घड्याळाकडे असते. खोली अशी असावी की बोललेले बाहेर ऐकू जाणार नाही, पण काचेतून आत दिसेल. पुरुष शिक्षक आणि विद्यार्थिनी असतील तर दार लावून बसू नये. स्टाफरूम तर मुळीच नको, कारण तिथे शेजारच्या टेबलावरचे सहकारी चहा पिता पिता सगळे ऐकतात.

मंगळवारपर्यंत उत्तर आले नाही, तर बुधवारी सकाळी एकदा आठवण करावी आणि गुरुवारची वेळ पुन्हा लिहावी. त्यानंतर तिसरी मेल पाठवू नये. न येणे ही कबुली आहे असेही समजू नये. दोन तारखांना बोलावले होते एवढी नोंद करून प्रकरण नियमाप्रमाणे विभागप्रमुखांकडे द्यावे, आणि तसे दिल्याचे तिला एका ओळीत कळवावे.

भेटीनंतर

आपल्या उदाहरणातली विद्यार्थिनी बुधवारी वही घेऊन आली. वहीतून दिसले की सर्वेक्षण दोघींनी मिळून केले होते आणि दोन कुटुंबांत बाप व मोठा मुलगा दोघांनाही प्रमुख धरून वयोगटांत दोनदा खुणा झाल्या होत्या. म्हणून कुटुंबे 40 आणि बेरीज 42. तक्त्याचे साम्य तिथेच सुटले, कारण जोडीने जाण्याची परवानगी मीच दिली होती. दीड पानाच्या मजकुराबद्दल मात्र तिच्याकडे कच्चे लेखन नव्हते. टायपिंगला उशीर झाला म्हणून मैत्रिणीच्या फाइलमधून तो भाग उचलल्याचे तिने स्वतःहून सांगितले. मेलमध्ये दोन जागा वेगवेगळ्या मांडल्यामुळे तिची दोन उत्तरेही वेगळी मिळाली. "तुझा अहवाल सारखा आहे" असे मोघम लिहिले असते, तर एका कबुलीने निर्दोष तक्ताही दोषी ठरला असता.

त्याच संध्याकाळी तिला दुसरी, छोटी मेल पाठवावी. तिच्यात आज काय बोलणे झाले ते तीन-चार वाक्यांत लिहावे: तक्त्याबद्दल शंका उरलेली नाही, पान 11 व 12 वरचा मजकूर दुसऱ्या अहवालातून घेतल्याचे तू सांगितलेस, हे मी शुक्रवारी विभागप्रमुखांना कळवणार आहे, आणि यात काही चुकीचे लिहिले गेले असेल तर त्याआधी मला सांग.